न भेटलेल्या मित्राला तिळगूळ

मोबाईल येण्याच्या खूप आधीपासून मराठी माणूस तिळगूळ टपालाने पाठवत आला आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लहानसं छापील कार्ड, त्यावर दोन ओळी आणि पाकिटात चार दाणे काटेरी हलवा. पुष्कळदा हे पाकीट बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्याला किंवा जुन्या सहकाऱ्याला जाई, म्हणजे ज्यांच्याशी गाठ क्वचितच पडते अशांना. त्यामुळे ज्याला कधी पाहिलेलंच नाही, त्याच्याशी सणाचं बोलणं सुरू करायला संक्रांत हा फार सोयीचा दिवस आहे.

समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेची धारवाडच्या एका गृहस्थांशी बागकामामुळे ओळख झाली. वर्षभर खतं, कलमं, मावा पडलेली जास्वंद यांवर दोघांची लिहाचाली चालली आहे. गृहस्थांना मराठी चांगलं येतं. भेट मात्र कधीच झालेली नाही. आता संक्रांतीला काय लिहायचं?

सगळ्यांत सोपं म्हणजे आलेलं पतंगाचं चित्र पुढे ढकलणं. पण त्या दिवशी तसली पन्नास चित्रं येतात आणि आपलं कोणाकडून आलं हेही समोरच्याच्या लक्षात राहत नाही. उलट, उमाळ्याने ‘आता एकदा घरी याच, पत्ता पाठवा, घरच्यांचा फोटो टाका’ असं लिहिलं, तर समोरचा माणूस संकोचतो. शुभेच्छेच्या आडून मागणं आलं की उत्तर देणं अवघड होऊन बसतं. त्यापेक्षा असं लिहिता येईल :

‘नमस्कार. उद्या संक्रांत. इथे तीळ भाजून झालेत, पण गुळाचा पाक थोडा पुढे गेल्याने वड्या कडक झाल्यात. तुमच्या सोनचाफ्याच्या कलमाला पालवी फुटली का? तुमच्याकडे एळ्ळु-बेल्ल वाटतात ना? आमच्याकडून तिळगूळ घ्या, गोड बोला.’

या पाच-सहा वाक्यांत आपल्या घरचं एकच सांगितलं आहे, तेही स्वयंपाकघरातलं, कोणालाही सांगता येईल असं. सोनचाफ्याचा प्रश्न दोघांच्या समान आवडीचा आहे, आणि तो दुसऱ्या कोणाला विचारताच आला नसता. हा मजकूर आपल्यासाठीच लिहिला आहे, हे धारवाडला त्यावरूनच कळतं. एळ्ळु-बेल्लाचा उल्लेखही उगाच नाही. कर्नाटकात तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र करून संक्रांतीला घरोघर देतात आणि देताना ‘खा आणि चांगलं बोला’ अशाच अर्थाचं वाक्य म्हणतात. मित्र तमिळ असता तर पोंगल आठवायला हवा होता, पंजाबी असता तर आदल्या दिवशीची लोहडी. आपला सण त्याच्यावर लादण्यापेक्षा त्याच्याकडे काय असतं ते विचारणं कितीतरी आपुलकीचं वाटतं.

संबोधनाला मात्र जपावं. टोपणनावावरून समोरच्याचं वय कळत नाही, कित्येकदा बाई आहे की पुरुष हेही कळत नाही. मराठीत ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ लिहिताच क्रियापद ते ठरवून टाकतं. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालतं. शिवाय ‘घ्या’ आणि ‘बोला’ ही रूपं मुळातच आदरार्थी आहेत. म्हणून ‘तुम्ही’च बरं, आणि समोरून ‘अरे’ किंवा ‘अगं’ आल्याशिवाय ते सोडू नये. ‘वहिनींना नमस्कार सांगा’ हेही घरात वहिनी आहेत हे माहीत असेल तरच लिहावं.

एका बाबतीत खरी चूक होऊ शकते. घरात मृत्यू झाला असेल तर आपल्याकडे अनेक कुटुंबं वर्षभर सण करत नाहीत. एरवी रोज फुलांचे फोटो टाकणारा माणूस दोन-तीन महिने गप्प असेल, तर ‘हार्दिक शुभेच्छा’ त्याला टोचू शकतात. अशा वेळी सणाचं नाव न घेता ‘बरेच दिवसांत काही कळलं नाही, बरे आहात ना?’ एवढंच पुरे. तो आपणहून सांगेल तेवढं ऐकावं.

वेळेचं म्हणाल, तर आदल्या दिवशी, भोगीच्या संध्याकाळी पाठवलेला मजकूर निवांत वाचला जातो. संक्रांतीच्या सकाळी तो गर्दीत हरवतो. आणि राहून गेलाच, तरी बिघडत नाही. तिळगुळाची देवघेव आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. ही मुदत दर वर्षी सारखी नसते, कारण संक्रांत सूर्यावर ठरते आणि रथसप्तमी चंद्राच्या तिथीवर. २०२४ मध्ये १५ जानेवारीच्या संक्रांतीनंतर रथसप्तमी १६ फेब्रुवारीला, म्हणजे महिन्याने आली. २०२६ मध्ये १४ जानेवारीनंतर अकराच दिवसांनी, २५ तारखेला. उशिरा लिहिताना लांबलचक माफी मागायची गरज नाही. ‘रथसप्तमीच्या आत पोचतोय’ एवढं म्हटलं की धारवाडलाही ते समजतं.