मुरतं, झिरपतं, निथळतं

गावच्या सभामंडपात भूजलावर व्याख्यान आहे. समोर शेतकरी, दोन-चार शिक्षक, मागच्या रांगेत कॉलेजची मुलं. वक्त्याच्या हातातल्या कागदावर असा परिच्छेद आहे :

'भूपृष्ठावरील पर्जन्यजलाचे मृदेमार्फत अधोगामी वहन होऊन सच्छिद्र व पारगम्य अशा जलधरामध्ये त्याचे संचयन होते. सदर जलधराची विशिष्ट उत्पादकता अल्प असल्याने अतिउपशामुळे जलपातळीत शीघ्र घट संभवते.'

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण 'अधोगामी'पाशी अर्धी सभा सुटते आणि 'विशिष्ट उत्पादकते'पाशी उरलेली. ज्याची विहीर दरवर्षी मार्चमध्ये तळ गाठते, त्याला हे आपल्याच विहिरीबद्दल चाललंय याचा पत्ताही लागत नाही.

मग कुणीतरी सांगतं, सोपं करा. वक्ता ते करतो : 'पावसाचं पाणी जमिनीत जातं. खाली खडकात त्याचं तळं साचतं. तळं लहान असलं की जास्त उपसल्यावर आटतं.' सभेला कळतं, पण चुकीचं कळतं. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटात तळं नसतं. खडकाच्या भेगांत आणि कुजलेल्या, भुसभुशीत थरात पाणी अडकलेलं असतं. तळं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काठोकाठ पाणी येतं, आणि तिथेच हिशेब फसतो.

किती फसतो ते पाहू. समजा, अडीच एकरांखालची, म्हणजे एक हेक्टरखालची पाण्याची पातळी पाच मीटरने उतरली. तळं असतं, तर पाच कोटी लिटर पाणी निघालं असतं. पण तिथे खडक आहे. कुजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टमधून शंभर घनमीटरला साधारण दोन घनमीटर पाणी सुटतं असं धरलं, तर हाती आलेलं पाणी फक्त दहा लाख लिटर. एका सोप्या शब्दाने पन्नासपटीची चूक केली. 'विशिष्ट उत्पादकता' हा बोजड शब्द नेमकं हेच प्रमाण सांगत होता. वक्त्याने शब्द गाळला, त्याच्याबरोबर प्रमाणही गळून पडलं.

म्हणून पहिलं काम शब्द बदलण्याचं नाही, वेगळे करण्याचं आहे. वरच्या परिच्छेदातले जड शब्द दोन जातींचे आहेत. 'सदर', 'अधोगामी वहन', 'संचयन होते', 'शीघ्र घट संभवते' ही नुसती भरजरी वस्त्रं. ती उतरवली तरी आतलं काही जात नाही. त्यांचं ओझं बहुतेकदा क्रियापदाचं नाम केल्यामुळे आलेलं असतं. 'वहन होऊन'चं 'वाहून', 'संचयन होते'चं 'साठतं', 'घट संभवते'चं 'उतरते' केलं, की निम्मं ओझं तिथेच उतरतं. 'सच्छिद्र', 'पारगम्य', 'जलधर', 'विशिष्ट उत्पादकता' हे चार शब्द मात्र कामाचे. त्यातल्या प्रत्येकामागे एक वेगळी गोष्ट आहे, आणि काहींमागे तर मोजमाप आहे. ते बदलताना प्रत्येकाला विचारायचं : तू नेमकं काय मोजतोस?

सच्छिद्रता मोजते, की पदार्थात पोकळी किती. पारगम्यता सांगते, की त्या पोकळीतून पाणी किती सहज पुढे सरकतं. दोन्हींसाठी 'पाणी मुरणं' हा एकच शब्द वापरला, तर फरक पुसला जातो. आणि सगळी गोम त्या फरकातच आहे. चिकणमातीत पोकळी भरपूर असते, पण ती इतकी बारीक की पाणी जवळजवळ हलतच नाही. बारीक भोकांचा काळा दगड पाहा. भोकं दिसतात खूप, पण ती एकमेकांना जोडलेली नसली तर पाण्याला वाट नसते. उलट घट्ट कातळाला भोक नसेल, पण एखादी लांब भेग असेल, तर तीच विहिरीला झरा देते. तेव्हा सच्छिद्र म्हणजे 'पाणी धरणारा' आणि पारगम्य म्हणजे 'पाण्याला वाट देणारा' असं म्हणा. मग जलधर म्हणजे 'पाणी धरणारा आणि वाटही देणारा थर'. शब्द चारचे सहा झाले, पण फरक जागेवर राहिला.

विशिष्ट उत्पादकतेला तर स्वयंपाकघरातच शब्द आहे. धुतलेले तांदूळ रोळीत निथळत ठेवले की काही पाणी खाली ठिबकतं आणि काही दाण्यांना चिकटून राहतं. भिजलेल्या खडकाचं तसंच. त्यातलं जे आपोआप निथळतं तेवढंच विहिरीत येतं. चिकटून राहतं ते पंपालाही दाद देत नाही. 'शंभर भाग खडकातून दोन भाग पाणी निथळतं' या वाक्यात मोजमाप आहे, अर्थ आहे आणि एकही अवघड शब्द नाही.

रोजची मराठी पाण्याच्या बाबतीत संस्कृतपेक्षा ढोबळ आहे, हा समजच चुकीचा. पाणी मातीत मुरतं, थरांतून झिरपतं, कातळाच्या फटीतून पाझरतं, ओल्या थरातून निथळतं. चार क्रिया, चार शब्द. पथ्य एकच : बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात, व्याख्यानात येऊ द्यायचे नाहीत. आत शिरण्यासाठी 'मुरणं' ठरवलं, तर शेवटपर्यंत तेच. कानाला बरं वाटतं म्हणून मध्येच 'झिरपणं' म्हटलं, की ऐकणारा दुसरी क्रिया सुरू झाली असं समजतो.

याला मर्यादाही आहेत. काही ठिकाणी रोजचा शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने भरलेला असतो. भौतिकशास्त्रात वस्तुमानाच्या जागी वजन चालत नाही, कारण चंद्रावर वजन साधारण सहावा हिस्सा होतं आणि वस्तुमान तेवढंच राहतं. अशा वेळी मूळ शब्द ठेवावा, एकदा उलगडून सांगावा आणि पुढे तोच वापरावा. दुसरी अडचण गावागणिक बदलणाऱ्या शब्दांची. भोकांच्या, ठिसूळ खडकाला विहीर खोदणारे अनेक ठिकाणी मांजऱ्या म्हणतात, पण सगळीकडे त्या नावाखाली एकच दगड असेल असं नाही. व्याख्यानाच्या आधी गावच्या विहिरीवरचा दगड हातात घेऊन 'याला इथे काय म्हणता?' एवढं विचारलं तरी पुरतं.

आता तोच परिच्छेद पुन्हा : 'पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि खाली झिरपतं. पाणी धरणारा आणि त्याला वाट देणारा खडकाचा थर लागला, की तिथे साठतं. आपल्याकडच्या अशा थरातून शंभराला जेमतेम दोन भाग पाणी निथळतं. म्हणून थोडं जास्त उपसलं, तरी विहिरीची पातळी भराभर उतरते.'

हे मूळ परिच्छेदापेक्षा लांब झालंय. ते होणारच, आणि त्यासाठी व्याख्यानातला एखादा मुद्दा कमी करावा लागतो. साधलं की नाही, ते दोन बाजूंनी तपासता येतं. एक, या विषयातल्या जाणकाराला नवा मजकूर दाखवा आणि त्यातून मूळ संज्ञा ओळखायला सांगा. 'तळं' वाचून त्याला विशिष्ट उत्पादकता कधीच सापडणार नाही, 'निथळतं' वाचून सापडेल. दोन, सभेला विचारा : ओल्या चिकणमातीत विहीर खणली, तर पाणी मिळेल का? 'ओल आहे म्हणजे मिळेल' असं उत्तर आलं, तर तुम्ही भाषा सोपी केलीत, पण विषय सांडलात. 'धरून ठेवील, पण सोडणार नाही' असं उत्तर मागच्या रांगेतून आलं, तर सच्छिद्रता आणि पारगम्यता दोन्ही सभेपर्यंत पोहोचल्या.