भाडं एकाच्या खात्यात, घर दोघांचं

ठाण्यातलं एक जोडपं डोळ्यांसमोर ठेवू. नवरा कंपनीत इंजिनियर, बायको शाळेत शिक्षिका. 2016 साली दोघांनी मिळून मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह साठ लाखांचा फ्लॅट घेतला. वीस लाख पदरचे होते, त्यातले बारा त्याचे आणि आठ तिचे. उरलेल्या चाळीस लाखांचं कर्ज दोघांच्या नावावर काढलं. हप्त्याचा साठ टक्के भाग त्याच्या पगाराच्या खात्यातून जातो, चाळीस टक्के तिच्या. पुढे सासू-सासऱ्यांजवळ राहायला गेल्यावर त्यांनी हा फ्लॅट महिना 45 हजारांनी भाड्याने दिला. सोसायटीचा आणि भाडेकरूचा व्यवहार तीच बघते म्हणून करारात परवाना देणारी म्हणून एकटीचं नाव पडलं आणि भाडंही तिच्याच खात्यात येऊ लागलं. विवरणपत्रात मात्र दोघं हे उत्पन्न साठ-चाळीस असं दाखवतात.

घरोघरी अशीच व्यवस्था असते आणि तीत गैर काहीच नाही. मग एक दिवस तिला आयकर खात्याची प्रश्नावली येते. 2023-24 या वर्षात आपल्याला 5 लाख 40 हजार रुपये भाडं मिळाल्याचं दिसतं, आपण त्यातला चाळीस टक्केच हिस्सा करासाठी दाखवला आहे, उरलेलं भाडं आपल्या उत्पन्नात का मिळवू नये, याचा खुलासा करा. माणूस आधी घाबरतो आणि घाबरून एका ओळीचं उत्तर पाठवतो: ‘फ्लॅट दोघांच्या नावावर आहे.’ एवढ्याने काम होत नाही. का होत नाही, हे समजायला अधिकाऱ्याला काय दिसतं ते आधी पाहावं लागेल.

भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या आत असल्यामुळे इथे भाडेकरूने कर कापलेला नाही. तरीही खात्याकडे आकडा गेला, कारण भाडेकरू नोकरदार आहे आणि घरभाडे भत्त्याची सवलत घेतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्याला घरमालकाचा पॅन आपल्या कंपनीला द्यावा लागतो. त्याच्या हातातल्या करारावर आणि पावत्यांवर नाव एकटीचं, म्हणून त्याने तिचाच पॅन दिला. कंपनीने तो आपल्या तिमाही विवरणात भरला आणि तिथून पूर्ण 5 लाख 40 हजार रुपये तिच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, येऊन बसले. अधिकाऱ्यासमोर तीन कागद आहेत: एआयएस, तिच्या बँकेचा उतारा आणि भाडेकरार. तिन्ही एकच सांगतात, सगळं भाडं तिचं. तिच्या विवरणपत्रात सहमालकाचं नाव, पॅन आणि टक्केवारी आहे, पण तो तिचा स्वतःचा दावा झाला. त्याला आधार मागणं हे अधिकाऱ्याचं कामच आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घरापासूनच्या उत्पन्नावरचा कर मालकीला चिकटलेला आहे, पैसा कोणाच्या हातात पडला याला नाही. 1961 च्या आयकर कायद्यातलं 22 वं कलम मालकावर कर बसवतं आणि 26 वं कलम सहमालकांबद्दल थेट बोलतं. इमारत दोन किंवा अधिक जणांच्या मालकीची असेल आणि प्रत्येकाचा हिस्सा निश्चित व ठरवता येण्याजोगा असेल, तर त्यांना एक गट धरून कर लावायचा नाही. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढं उत्पन्न त्याच्या एकूण उत्पन्नात जाईल. या कलमात बँक खात्याचा उल्लेखच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये पोदार सिमेंटच्या खटल्यात या कलमांपुरता मालक म्हणजे मालमत्तेचं उत्पन्न स्वतःच्या हक्काने घेऊ शकणारी व्यक्ती, असा अर्थ लावला. बायको चाळीस टक्के भाडं स्वतःच्या हक्काने घेते. उरलेलं साठ टक्के तिच्या खात्यात येतं, पण ते ती नवऱ्यासाठी घेते.

खरा वाद पुढेच आहे. हिस्सा साठ-चाळीस हे ठरवलं कोणी? त्यांच्या खरेदीखतात दोघांची नावं आहेत, टक्केवारी नाही. बहुतेक खरेदीखतांत ती नसते, कारण वकील जुना मसुदा पुढे करतो आणि घेणारे सही करून मोकळे होतात. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 45 वं कलम कामाला येतं. दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून किंमत दिली असेल आणि उलट करार नसेल, तर ज्याने जितका पैसा दिला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती दिला याचा पुरावाच नसेल, तर हिस्से समान धरले जातात. म्हणजे या जोडप्याला साठ-चाळीस टिकवायचं असेल तर पैशाचा माग दाखवावा लागेल. नाही दाखवता आला तर अधिकारी पन्नास-पन्नास धरू शकतो, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

माझ्या मते उत्तराचा सगळा भर इथेच हवा. लोक भाड्याच्या वाटणीबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि 2016 सालचा बँक उतारा जोडत नाहीत. त्या वर्षी बिल्डरला कोणत्या खात्यातून किती चेक गेले, मुद्रांक शुल्क कोणी भरलं, हप्त्याची वजावट कोणाच्या खात्यातून होते, हे दाखवणारे उतारे हाच पाया आहे. बँका जुने उतारे मागितल्यावर देतात, पण त्याला वेळ लागतो. म्हणून प्रश्नावली आली की त्याच दिवशी अर्ज करावा आणि गरज पडली तर ई-फायलिंग पोर्टलवरूनच मुदतवाढ मागावी. गप्प बसलं तर 144 व्या कलमाखाली अधिकारी समोर असलेल्या माहितीवरून आकारणी करून मोकळा होतो, आणि त्याच्यासमोर तेच तीन कागद आहेत.

बायकोने स्वतः काही पैसे घातले आहेत का, हाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. सगळे पैसे नवऱ्याचे असतील आणि तिचं नाव प्रेमाने घातलेलं असेल, तर तिच्या वाट्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवण्यासाठी कायद्यात 27 वं आणि 64 वं अशी दोन कलमं आहेत. म्हणून तिचे आठ लाख कुठून आले हे स्पष्ट लिहावं. इथे ते तिच्या मोडलेल्या मुदत ठेवींचे आणि पगाराच्या बचतीचे आहेत. ठेव मोडल्याची नोंद तिच्या उताऱ्यात आहे.

आता हिशेब. वर्षाचं भाडं 5 लाख 40 हजार. मालकांनी भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर 20 हजार. तो वजा जाता 5 लाख 20 हजार राहतात. तिचा चाळीस टक्के वाटा 2 लाख 8 हजार. त्यातून तीस टक्क्यांची ठरावीक वजावट, 62 हजार 400, गेली की 1 लाख 45 हजार 600 उरतात. त्या वर्षीचं कर्जाचं व्याज अडीच लाख, त्यातलं तिचं एक लाख. ते वजा करून तिचं घरापासूनचं उत्पन्न 45 हजार 600 झालं. त्याच पद्धतीने नवऱ्याचे 3 लाख 12 हजार, वजावटीनंतर 2 लाख 18 हजार 400, आणि दीड लाख व्याज जाऊन 68 हजार 400.

अधिकाऱ्याने सगळं भाडं तिच्याकडे धरलं आणि व्याज मात्र तिने मागितलेलं एक लाखच दिलं, तर तिचं उत्पन्न 2 लाख 64 हजार होतं. फरक 2 लाख 18 हजार 400 रुपयांचा, म्हणजे नवऱ्याने व्याजाच्या आधी आपल्या विवरणपत्रात दाखवलेली नेमकी तीच रक्कम. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेला एक तक्ता उत्तराला जोडावा, सोबत नवऱ्याच्या विवरणपत्राची पोच आणि त्याची आकडेमोड. एकही रुपया कराबाहेर राहिलेला नाही आणि तोच रुपया दोनदा धरला जातो आहे, हे त्यातून दिसतं. पण हा युक्तिवाद दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नवऱ्याने कर भरला म्हणून हिस्सा सिद्ध होत नाही. हिस्सा पैशाच्या मागावरून सिद्ध होतो आणि नवऱ्याचं विवरणपत्र त्याला दुजोरा देतं. उत्तरात क्रमही तोच ठेवावा: आधी खरेदीखत आणि इंडेक्स दोन, मग किमतीचे पुरावे, मग दोघांची आकडेमोड. एकटीच्या नावाच्या करारासाठी नवऱ्याचं छोटं पत्र जोडावं, की करार आणि भाडंवसुली पत्नीने माझ्या वतीनेही केली आणि माझा हिस्सा साठ टक्के आहे. भाड्यातला त्याचा वाटा ती दरमहा त्याच्या खात्यात पाठवत असेल तर त्या नोंदी दाखवाव्यात. तशी सक्ती कायद्यात नाही, पण तोंडी खुलाशापेक्षा अशी नोंद जास्त बोलते.

अशी प्रकरणं बिघडतात ती बहुधा दोन जागी. पहिली जागा म्हणजे बदलतं प्रमाण. एका वर्षी ज्याचा कराचा टप्पा खालचा त्याच्याकडे जास्त भाडं, पुढच्या वर्षी उलट. मालकी बदललेली नसताना वाटणी बदलली की हिस्सा ‘निश्चित’ आहे हे म्हणणंच कोसळतं. आणि हेच प्रमाण फ्लॅट विकताना भांडवली नफ्यालाही लागतं, त्यामुळे आजची सोय तेव्हा अंगावर येते. दुसरी जागा म्हणजे व्याज. भाडं अर्धं-अर्धं दाखवायचं आणि व्याजाची वजावट मात्र सगळी एकानेच घ्यायची, हे अधिकाऱ्याच्या लगेच नजरेत भरतं. व्याज ज्याने खरोखर सोसलं त्यालाच ते मिळतं. आणि हप्त्यांचं प्रमाण मालकीच्या प्रमाणाहून वेगळं असेल, तर मालकीचं प्रमाण मुळात बरोबर मांडलं आहे का, असा पुढचा प्रश्न ओघाने येतोच.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण निश्चित हिस्सा असलेल्या सहमालकांचा नियम तोच राहिला. आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतात. उत्तर देऊनही पूर्ण भाडं तिच्या उत्पन्नात मिळवलं गेलं, तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म 35 भरून अपील करता येतं. तेव्हा उपयोगी पडतात ते पहिल्या उत्तरासोबत जोडलेलेच कागद. नवा पुरावा अपिलात दाखल करायला आधी का दिला नाही, याचं समाधानकारक कारण द्यावं लागतं.

पुढच्या वर्षी हा प्रश्न उठू नये यासाठीचं काम लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच होतं. अकरा महिने संपून करार नव्याने नोंदवताना परवाना देणारे म्हणून दोघांची नावं आणि पॅन घालावेत, आणि भाडं कोणाच्या खात्यात किती जमा करायचं हे एका कलमात लिहावं. भाडेकरूला दोन्ही पॅन द्यावेत; कंपनीच्या विवरणात एकाहून जास्त घरमालकांची जागा असते. भाडं पुढे पन्नास हजारांवर गेलं तर भाडेकरूला दोन टक्के कर कापावा लागेल. त्याने तो एकाच मालकाच्या पॅनवर भरला तर दुसऱ्याला त्याचं श्रेय घेताना अडचण येते. मालकाने भाडेकरूला आधी लेखी घोषणापत्र दिलं, तर भाडेकरू दुसऱ्या मालकाच्या वाट्याचा कर त्याच्या नावे दाखवू शकतो. ते पत्र करार होतो त्या दिवशीच देऊन ठेवावं, कारण वर्ष संपल्यावर भाडेकरूला विवरण दुरुस्त करायला लावणं फार अवघड जातं, आणि तोवर तो घर सोडूनही गेलेला असतो.