आधी गार, मग घोट

तीन वर्षांच्या मुलाच्या कानात किंवा घशात जंतुसंसर्ग झाला, डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं, की घराघरात साधारण एकच प्रकार होतो. पहिल्या दिवशी मूल बेसावध असतं, म्हणून औषध पोटात जातं. दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला तरी ते पलंगाखाली शिरतं. मग कुणीतरी सुचवतं, संत्र्याच्या रसात कालवून दे. सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण नेमका या औषधाच्या बाबतीत तो सगळ्यात वाईट आहे.

ॲझिथ्रोमायसिन मुळात अतिशय कडू आहे. पातळ औषधात ते पूर्ण विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण तरंगत असतात. कण विरघळले नाहीत तर जिभेला त्यांची चव फारशी कळत नाही. म्हणून असं औषध अल्कधर्मी ठेवण्यासाठी त्यात बऱ्याचदा फॉस्फेटसारखा क्षार घातलेला असतो. आंबट रस मिसळला की हा बंदोबस्त मोडतो. कण भराभर विरघळतात आणि कडवटपणा उसळून वर येतो. क्लॅरिथ्रोमायसिनचंही असंच आहे. त्याच्या कणांवर कडूपणा झाकणारं आवरण असतं आणि आंबट पेयात ते टिकत नाही. संत्री-मोसंबीचा रस, लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक, कोला, यांपैकी काहीही या औषधांसोबत किंवा लगेच नंतर नको. दूध, चॉकलेटचं दूध किंवा साधं पाणी चालतं.

रसात कालवण्याचा दुसरा तोटा डोसाचा आहे. समजा मुलाचं वजन 12 किलो आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा सांगितलं आहे. बाटलीवर ‘5 मिलीमध्ये 200 मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर हा डोस 3 मिली होतो. हे 3 मिली तुम्ही पेलाभर दुधात ओतलेत आणि मुलाने अर्धा पेला पिऊन मान फिरवली, तर पोटात किती गेलं? निम्मं म्हणावं, तर कण तळाशी बसलेले असू शकतात. आता पुन्हा किती द्यायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून औषध वेगळं आणि पेय वेगळं. औषध सुई नसलेल्या सिरिंजने मोजून सगळंच्या सगळं द्यायचं, आणि चवीची सोय त्याच्या आधी आणि नंतर करायची.

आधीची सोय म्हणजे गारवा. जिभेवरच्या पेशींमध्ये कडू आणि गोड चवीचा संदेश पुढे धाडणारी एक वाहिनी असते आणि ती उष्णतेने जास्त जोमाने काम करते. बेल्जियममधल्या ल्युवेनच्या संशोधकांनी 2005 साली हे दाखवून दिलं. जीभ गार असेल तर संदेश मंदावतो. वासही कमी येतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा मोठा असतो. पण गारव्याच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो सिरपची गोडीही दाबतो. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. तोंड स्वतः गरम असतं. 3 मिली द्रव तिथे काही क्षणांतच कोमट होतो, आणि जिभेवर मागे राहिलेला थर तेव्हा कडू लागायला लागतो. गारवा आपल्याला फक्त थोडा वेळ मिळवून देतो. त्या वेळात तो थर धुऊन निघायला हवा, म्हणून नंतरचा घोट.

हे लक्षात घेतलं की मुलाच्या चेहऱ्यावरून चूक ओळखता येते. औषध तोंडात जाताक्षणीच तोंड वाकडं झालं, तर अडचण वासाची किंवा दाटपणाची आहे. नीट गिळलं आणि थोड्या वेळाने ‘शी!’ म्हणून जीभ बाहेर काढली, तर घोट उशिरा पोचला किंवा तो आंबट होता.

गार करायचं म्हणजे बाटली फ्रीजमध्ये टाकायची, असं मात्र सरसकट नाही. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटची पावडर पाण्यात कालवल्यावर बाटली फ्रीजमध्येच ठेवावी लागते, तिथे काम आपोआप होतं. उलट क्लॅरिथ्रोमायसिनचं कालवलेलं औषध फ्रीजमध्ये दाट होतं, त्यामुळे ते बाहेरच ठेवायचं. लेबलावर काय लिहिलंय ते वाचा आणि कुठलंही औषध फ्रीझरमध्ये ठेवू नका. शंका असेल तर औषधाऐवजी जीभ गार करा. गार पाण्याचे दोन-तीन घोट किंवा चमचाभर आइस्क्रीम त्यासाठी पुरतं. लहान मुलाच्या हाती बर्फाचा खडा देऊ नका, तो घशात अडकू शकतो. आणि एवढ्याशा गारव्याने सर्दी वाढेल ही भीती बाळगू नका. सर्दी विषाणूंमुळे होते.

आता क्रम. दुधाचा कप आधी भरून हाताशी ठेवायचा, कारण औषध दिल्यावर कप शोधत बसलात की मिळालेला वेळ गेला. बाटली चांगली हलवायची. फ्रीजमधली बाटली जास्तच हलवावी लागते, गार द्रवात तळाचा गाळ हट्टाने बसून राहतो. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जास्त कडक होतात. सिरिंजमध्ये 3 मिली भरून बुडबुडे काढायचे. मूल ताठ बसलेलं हवं. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडायचं, म्हणजे जिभेच्या मधोमध औषध पसरत नाही. नाक दाबून किंवा आडवं पाडून पाजलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेवटचा थेंब गिळला की लगेच दूध. तान्ह्या बाळाला नंतर अंगावर घ्यावं. कडू काढ्यानंतर मध चाटवण्याची आपली घरगुती पद्धत मोठ्या मुलांना चालते, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दूध सगळ्याच औषधांना चालतं असं समजू नका. लोहाचं टॉनिक दुधासोबत नीट शोषलं जात नाही. तिथे लिंबू सरबतच बरं, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांनाही दुधातलं कॅल्शियम धरून ठेवतं. एका औषधाला जे पेय मारक तेच दुसऱ्याला उपकारक ठरतं, म्हणून औषध घेतानाच दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा की यावर काय प्यायला द्यायचं.

एवढं करूनही मुलाने ओकून टाकलं, तर मनाने दुसरा डोस देऊ नका. किती वेळाने उलटी झाली ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. रोजच असं होत असेल तर त्यांना जास्त कडक औषधाची बाटली लिहून देता येईल का ते विचारा. 120 मिलिग्रॅमसाठी ‘5 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम’च्या बाटलीतून 6 मिली द्यावं लागतं, ‘200’च्या बाटलीतून 3 मिली पुरतं. डोस तोच, गिळायचं निम्मं. मात्र बाटली बदलली की मिलीचा आकडा चिठ्ठीवर नव्याने लिहून घ्या, कारण जुन्या सवयीने नव्या बाटलीतून 6 मिली दिलं गेलं तर डोस दुप्पट होतो.