वेबव्हॅनची वही पुन्हा उघडताना

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९९९ साली एक अवाढव्य गोदाम उभं राहिलं. सव्वातीन लाखांहून अधिक चौरस फुटांची जागा आणि तिच्यात काही किलोमीटर लांबीचे सरकते पट्टे. गिऱ्हाइकाने घरच्या संगणकावरून मागवलेलं दूध, ब्रेड, भाजी, गोठवलेलं मांस असं सगळं एकेका क्रेटमध्ये गोळा होई. मग क्रेट गाडीत चढत आणि गिऱ्हाइकाने निवडलेल्या अर्ध्या तासाच्या वेळेत घरी पोहोचत. दिवसाला सुमारे ८,००० मागण्या पुऱ्या करण्याची या गोदामाची ताकद होती.

या कंपनीचं नाव वेबव्हॅन. ‘बॉर्डर्स’ या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीचे एक संस्थापक लुई बॉर्डर्स यांनी ती काढली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये ती शेअर बाजारात आली आणि तिने सुमारे ३७.५ कोटी डॉलर उभे केले. बेक्टेल या बांधकाम कंपनीशी तिने जवळजवळ १०० कोटी डॉलरचा करार करून टाकला होता. ओकलंडसारखी आणखी २६ गोदामं वेगवेगळ्या शहरांत बांधायची होती. जुलै २००१ मध्ये वेबव्हॅनने गाशा गुंडाळला आणि सुमारे २,००० माणसं बेकार झाली. पुढची कितीतरी वर्षं कुणी ऑनलाइन किराण्याची कल्पना मांडली की गुंतवणूकदार फक्त ‘वेबव्हॅन’ एवढंच म्हणत आणि बोलणं तिथेच थांबे.

आज हा धंदा जगभर चालतो. त्यामुळे ‘वेबव्हॅन काळाच्या पुढे होती’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. बंद पडलेल्या कंपन्यांतून पुन्हा चालू शकेल अशी कल्पना शोधणाऱ्याला राहिलेला अर्धा भागच जास्त शिकवतो.

काळाचा भाग आधी पाहू. २००० साली अमेरिकेत जेमतेम निम्मे प्रौढ इंटरनेट वापरत होते. घरी ब्रॉडबँड असणारे शंभरात तीनच्या आसपास होते. बाकीच्यांना फोनची लाइन अडवून, एकेक पान उघडायची वाट पाहत आठवड्याचा किराणा निवडावा लागे. गाडी कुठवर आली हे सांगणारा स्मार्टफोन ना गिऱ्हाइकाच्या हातात होता, ना चालकाच्या. यातली कुठलीच गोष्ट वेबव्हॅनच्या हातातली नव्हती आणि पुढे ती सगळी आपोआप बदलली.

दुसरा भाग हिशेबाचा. किराण्यात नफ्याचं प्रमाण फार थोडं असतं. त्यातून गोदामाचा, यंत्रांचा आणि पगारी चालकांचा खर्च निघायचा, तर गोदाम रोज भरभरून चालायला हवं. ओकलंडचं गोदाम क्षमतेच्या निम्म्यावरही नीट पोहोचलं नाही. मागणी एका शहरातही सिद्ध झाली नव्हती, तरी दुसऱ्या शहरांत बांधकाम सुरू होतं. पाच हजार मागण्या आल्या काय किंवा दोन हजार आल्या काय, गोदामाचा खर्च तोच राहिला. ही चूक २०२५ मध्ये कुणी केली तरी कंपनी तशीच बुडेल.

म्हणून जुन्या कंपनीचा हिशेब तपासताना दोन रकाने पाडावे लागतात. एका रकान्यात बाहेर जे नव्हतं ते, म्हणजे उपकरणं, जोडण्या, पैसे भरायच्या सोयी. दुसऱ्यात आतली ठरवाठरवी, म्हणजे खर्चाची रचना, दर, वाढीचा वेग. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे आज आहे का, कधीपासून आहे, कितीला मिळतं’ असं लिहिता आलं पाहिजे. ते लिहिता आलं नाही, तर ‘वेळ चुकली’ हे म्हणणं म्हणजे संस्थापकाने स्वतःची काढलेली समजूत ठरते. शेअर बाजारात आलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची कागदपत्रं तिथल्या बाजार नियंत्रकाकडे सर्वांसाठी खुली असतात. कंपनी बंद झाली तरी ती तशीच राहतात. संस्थापकांच्या मुलाखतींपेक्षा तिथले तोट्याचे तक्ते आणि जोखमींची प्रकरणं अधिक सरळ बोलतात.

वेबव्हॅनच्या अवशेषांतून लोकांनी काय उचललं, ते यादृष्टीने पाहण्यासारखं आहे. अख्खी कंपनी कुणीच पुन्हा उभी केली नाही.

मिक माउंट्झ वेबव्हॅनमध्ये कामाला होते. एकेक मागणी गोळा करायला किती खर्च येतो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. गोदामात मागणी गोळा करताना कामगाराचा बराच वेळ चालण्यात जातो. माउंट्झ यांनी २००३ मध्ये किवा सिस्टिम्स काढली. किवाचे बुटके, चाकांचे यंत्रमानव मालाच्या मांडणीखाली शिरत, ती उचलत आणि जागेवर उभ्या असलेल्या कामगारासमोर आणून ठेवत. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली. ऑनलाइन किराण्याच्या धंद्यातून माउंट्झ यांनी फक्त ही एक अडचण वेगळी काढली होती.

त्याच वर्षी अपूर्व मेहता यांनी सॅन फ्रान्सिस्कोत इन्स्टाकार्ट सुरू केली. वेबव्हॅनला बुडवणारं गोदामच त्यांनी काढून टाकलं. कंत्राटी माणूस हातातल्या फोनवर यादी बघत आधीच असलेल्या सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो आणि सामान घरी पोहोचवतो. पहिल्या रकान्यातला स्मार्टफोन आला, म्हणून दुसऱ्या रकान्यातला मोठा खर्च गळाला. सेकोया ही गुंतवणूक संस्था वेबव्हॅनमध्ये पोळली होती, तरी तिने इन्स्टाकार्टमध्ये सुरुवातीलाच पैसे घातले.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे, कारण तिथे माणसंही तीच होती. १९९९ मध्ये बंगळुरूत फॅबमार्ट सुरू झालं. आधी संगीताच्या कॅसेट आणि सीडी, मग किराणा. डायल-अपचा जमाना होता आणि क्रेडिट कार्ड थोड्यांकडेच होतं. मागणी पुरेना, तेव्हा संस्थापकांनी फॅबमॉल नावाने खरीखुरी दुकानं काढली. २००६ मध्ये ती साखळी आदित्य बिर्ला समूहाने घेतली. त्याच मंडळींपैकी हरी मेनन, व्ही. एस. सुधाकर आणि त्यांचे सहकारी २०११ मध्ये बिगबास्केट घेऊन परतले. मधल्या काळात दुकानं चालवताना भाजी कुठून घ्यायची, किती नासते, भाव कसे हलतात हे त्यांनी हाताने शिकून घेतलं होतं. नुसतं ‘आता इंटरनेट आलं’ एवढ्यावर त्यांचं दुसरं पर्व उभं राहिलं नाही. २०२१ मध्ये टाटा समूहाने बिगबास्केटमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला.

दोन रकान्यांची ही पद्धत जिथे अडखळते, ते उदाहरण न्यूयॉर्कच्या कोझ्मोचं. १९९८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी तासाभरात आइस्क्रीमचा डबा किंवा सिनेमाची कॅसेट घरी आणून देई. सुरुवातीला पोहोचवण्याचे पैसे घेत नसे आणि किमान मागणीची अटही नव्हती. एक आइस्क्रीम पोहोचवायला सायकलवरच्या माणसाचा जो वेळ जाई, त्याची किंमत आइस्क्रीमवरच्या नफ्यातून निघणं शक्यच नव्हतं. एप्रिल २००१ मध्ये कोझ्मो बंद पडली.

मुंबई-पुण्यात आज दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या सेवा म्हणजे कोझ्मोचंच पुढचं पर्व आहे. पहिला रकाना बराच भरला आहे. घरोघरी स्मार्टफोन आहेत, २०१६ पासून यूपीआय आहे, आणि दाट वस्तीत दर दोन-तीन किलोमीटरवर छोटं गोदाम परवडतं. दुसऱ्या रकान्यात मात्र ती जुनी ओळ अजून आहे. ती मिटवायला कंपन्या छोट्या मागणीवर हाताळणीचे पैसे लावतात, बिलाची रक्कम वाढावी म्हणून सवलती देतात आणि दुकानातल्या जाहिरातींतून कमावतात. उरलेला भार फेरीवर पैसे मिळणाऱ्या दुचाकीस्वारावर पडतो. पेट्रोल आणि गाडीची झीज बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जाते. भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची पहिल्यांदा व्याख्या केली आणि त्यांच्या सुरक्षेसाठी कंपन्यांनी वर्गणी द्यावी अशी तरतूद केली. एका फेरीचा पूर्ण खर्च कंपनीच्या वहीत चढला, तर कोथिंबिरीच्या जुडीमागे काय उरतं, हे त्यानंतरच्या ताळेबंदांत वाचायला मिळेल.