मायनस पंचवीस म्हणजे किती प्रकाश?

घरात फायबरचं इंटरनेट असेल, तर राउटरवर LOS अशी अक्षरं असलेला एक छोटा दिवा असतो. तो लाल झाला की केबलवाल्याला फोन जातो. तो येतो, राउटरमागची बारीक वायर काढतो, मोबाइलएवढ्या पॉवर मीटरला लावतो आणि जिन्यातल्या डब्यापाशी उभ्या असलेल्या साथीदाराला ओरडून सांगतो, "मायनस पंचवीस येतंय रे!" घरमालकाला वाटतं, प्रकाश शून्याच्याही खाली गेला म्हणजे काहीतरी भयंकर झालेलं दिसतंय. प्रत्यक्षात मायनस पंचवीसवर इंटरनेट बहुधा चालू असतं. भयंकर आहे की नाही, हे दुसऱ्याच एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा आपल्याला घरबसल्या काढता येतो.

आधी एकक. मीटर दाखवतो ते डीबीएम. इथे शून्य म्हणजे प्रकाश नाही असं नव्हे; शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. त्याहून जास्त असेल तर अधिक, कमी असेल तर उणे. दर १० ला दहा पट फरक पडतो: उणे १० म्हणजे मिलिवॉटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा. आणि ३ चा फरक म्हणजे जवळपास दुप्पट किंवा निम्मं. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं तोंडी जमतं. अधिक ३ डीबीएम म्हणजे दोन मिलिवॉट. उणे २७ म्हणजे मिलिवॉटच्या हजाराव्या भागाची, म्हणजे उणे ३० ची, दुप्पट.

नुसतं डेसिबल मात्र वेगळं. ते प्रकाश किती आहे हे सांगत नाही, तो किती पटीने घटला किंवा वाढला एवढंच सांगतं. "या जोडणीत अर्धा डेसिबल जातो" याचा अर्थ आत जेवढं शिरलं त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग बाहेर आला. शिरलेलं दोन मिलिवॉट असो की दोन मायक्रोवॉट. वाटेतला प्रत्येक तुकडा प्रकाशाला कशाने तरी भागत किंवा गुणत असतो. दहा तुकडे असतील तर दहा भागाकार. डेसिबलमध्ये त्याच भागाकारांची वजाबाकी होते, म्हणून वाटेचा सगळा हिशोब जमाखर्चाच्या वहीसारखा एका पानावर मांडता येतो. हे एकक घडलंही याच कामासाठी. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या बेल कंपनीतल्या इंजिनिअरांना टेलिफोनच्या तारांमधला ऱ्हास मोजायचा होता. त्याआधी ते "प्रमाण केबलचे इतके मैल" अशा भाषेत बोलत.

आता एक वाट घेऊ. तालुक्याच्या गावातला केबल ऑपरेटर. त्याच्या ऑफिसात मुख्य यंत्र, आणि तिथून सहा किलोमीटरवर तुमचं घर. आकडे या प्रकारच्या जोडणीत नेहमी आढळणारे आहेत.

यंत्रातून अधिक ३ डीबीएमने प्रकाश निघतो. तो डोळ्यांना न दिसणारा, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. फायबरची काच त्यातला किलोमीटरमागे सुमारे पाव डेसिबल खाते, म्हणजे सहा किलोमीटरला दीड. वाटेत दोन ठिकाणी स्प्लिटर आहेत. पहिला एका फायबरचे चार करतो, दुसरा त्यातल्या प्रत्येकाचे आठ. मिळून बत्तीस घरं. चार वाटे केले की प्रत्येकाला पाव हिस्सा, म्हणजे ६ डेसिबल कमी. शिवाय स्प्लिटरची स्वतःची थोडी घट धरून ७.२. आठ वाट्यांचे तसेच १०.५. खोलून पुन्हा जोडता येणारे चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.२. फायबरची टोकं वितळवून केलेले सहा सांधे, प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.६.

१.५ + ७.२ + १०.५ + १.२ + ०.६ = २१ डेसिबल घट
३ − २१ = उणे १८ डीबीएम

हाच तो दुसरा आकडा: तुमच्या घरी यायला हवा तो प्रकाश. २१ डेसिबल म्हणजे १० आणि १० आणि १. शंभर पट आणि वर सव्वा पट, म्हणजे सुमारे १२६ पट. दोन मिलिवॉट निघाले, पोचले ते १६ मायक्रोवॉट.

या बेरजेत सहा किलोमीटर काचेचा वाटा पहा. एकवीसपैकी फक्त दीड. बाकी बहुतेक "घट" प्रत्यक्षात हरवलेलीही नाही, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेली आहे. "आमचं घर लांब पडतं म्हणून नेट येत नाही" हे कारण मला कधीच पटत नाही ते यामुळे. एखाद्या कनेक्टरच्या टोकावर धुळीचा कण बसून एक डेसिबल गेला, तर तो चार किलोमीटर काचेइतका महाग पडतो. काच नेहमीच इतकी गुणी नव्हती. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी इंग्लंडमध्ये काचेतून संदेश पाठवण्याची कल्पना सहकाऱ्यासह मांडली, तेव्हाच्या चांगल्या काचेतही किलोमीटरला हजारेक डेसिबल घट होती. हजार डेसिबल म्हणजे एकावर शंभर शून्यं एवढ्या आकड्याने भागायचं. पलीकडे काहीच पोचणार नाही. घट वीसवर आणली तर व्यवहार जमेल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती वीसच्या खाली आणून दाखवली. काव यांना २००९ चं नोबेल मिळालं. आज १५५० नॅनोमीटरवर तेवढे वीस डेसिबल खर्चायला सुमारे शंभर किलोमीटर काच लागते.

परत आपल्या घरी. सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या घरगुती यंत्राला उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता यायला हवा, असं प्रमाण ठरलेलं आहे. आपल्याकडे उणे १८ आहे, म्हणजे ९ डेसिबल शिल्लक. ही चैन नव्हे. रस्त्यात जेसीबीने केबल तोडली की मधे तुकडा घालून दोन नवे सांधे येतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. त्यातला एखादा घाईत केलेला असतो. शिल्लक हळूहळू संपते आणि कुणालाच कळत नाही, कारण प्रकाश निम्मा झाला तरी तुमचा वेग कमी होत नाही. उणे २७ च्या आसपास चुका वाढतात, नेट मधेच तुटतं, मग दिवा लाल. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश आला तर याच यंत्राचा संवेदक दिपतो.

तर मग ते मायनस पंचवीस. यायला हवे उणे १८, आले उणे २५: सात डेसिबल, म्हणजे पाच पट प्रकाश वाटेत कुठेतरी जास्तीचा गेला. शोध सोपा असतो. जिन्यातल्या डब्यात, दुसऱ्या स्प्लिटरच्या तोंडाशी मोजायचं. तिथे उणे साडेसतरा मिळाले तर ऑफिसपासून तिथवरची वाट निर्दोष, आणि दोष डब्यापासून घरापर्यंतच्या पंधरावीस मीटरमध्ये. तिथे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट सापडते. कपाटामागे वायर इतकी घट्ट वळलेली असते की प्रकाश वळणावर काचेबाहेर निसटतो. किंवा कनेक्टर मळलेला असतो. किंवा कुणीतरी हिरव्या टोकाच्या कनेक्टरसमोर निळा लावलेला असतो. हिरव्याची काच तिरपी घासलेली, निळ्याची सरळ, त्यामुळे दोन्हींच्या मधे हवेची फट राहते. वळणाची खूण वेगळी आहे: लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर जास्त निसटतो, म्हणून १५५० वरची घट १३१० पेक्षा बरीच जास्त आली तर वायर कुठेतरी मुडपली आहे असं समजावं.

आतापर्यंत फक्त खर्च झाला. जमेची बाजू येते ती त्याच फायबरवरून टीव्ही द्यायचा ठरवल्यावर. टीव्ही १५५० वर जातो आणि त्याच्या रिसीव्हरला इंटरनेटपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो. उणे १८ वर चित्र येणार नाही. म्हणून ऑपरेटर आपल्या ऑफिसात अर्बियम मिसळलेल्या फायबरचा अँप्लिफायर बसवतो. त्यात ३ डीबीएम शिरले आणि १७ डेसिबल वाढ मिळाली की २० डीबीएम निघतात, म्हणजे शंभर मिलिवॉट. टीव्ही आणि इंटरनेट एका फायबरमध्ये आणणारा जोड दोघांचाही साधारण एक डेसिबल घेतो. काचेची घट १५५० वर थोडी कमी, सहा किलोमीटरला १.२, बाकी खर्च तोच, १९.५.

३ + १७ − १ − १.२ − १९.५ = उणे १.७ डीबीएम

अँप्लिफायर घराजवळ न लावता ऑफिसात का? एक तर खांबावर वीज द्यावी लागेल. आज वाटेत कुठेच वीज लागत नाही, हा या जाळ्याचा मोठा गुण आहे. दुसरं असं की अँप्लिफायर संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःची भर घालतो. प्रकाश क्षीण झाल्यावर तो वाढवला तर मीटरवरचा आकडा सुधारतो, चित्र नाही.

आणि इथेच एक फसगत होते. आता इंटरनेट उणे १९ वर आहे आणि टीव्ही उणे १.७ वर. साधा पॉवर मीटर दोन्ही प्रकाश एकत्र मोजतो. डीबीएमची डीबीएमशी बेरीज करता येत नाही. आधी दोन्हींचे मिलिवॉट करायचे, ०.६७६ आणि ०.०१३, ते मिळवायचे आणि पुन्हा डीबीएम करायचे. उत्तर येतं उणे १.६. इंटरनेटचा प्रकाश पूर्ण गेला, तर मीटर उणे १.७ दाखवेल. माणूस मीटर पाहून "लाइट एकदम फुल आहे, राउटर बदला" म्हणेल आणि राउटर बदलून काहीही होणार नाही. अशा घरात तरंगलांबी वेगवेगळी करून मोजणारा मीटरच हवा. (हा शंभर मिलिवॉटचा प्रकाश दिसत नाही, पण ऑफिसातल्या तोंडाशी डोळा नेला तर तो जायबंदी करू शकतो. सुटलेल्या फायबरच्या टोकात कुठेही डोकावू नये.)

पुष्कळशा राउटरच्या सेटिंगमध्ये Rx Power नावाची ओळ असते आणि ती फक्त इंटरनेटचा प्रकाश दाखवते. नेट नीट चालू असताना तो आकडा एकदा पाहा आणि राउटरच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा. पुढे कधी तो तीन-चारने खाली गेलेला दिसला, तर दिवा लाल व्हायची वाट न बघता केबलवाल्याला बोलवा आणि आधी कपाटामागची वायर सरळ करायला सांगा.