गाण्याच्या क्लासचा पहिला तास

जूनमध्ये गाण्याच्या क्लासचे फलक लागतात : ‘नवीन बॅच, सोमवार-गुरुवार, संध्याकाळी ६ ते ७. पहिले दोन तास विनामूल्य.’ वेळ आणि फी कळते. पट्टीचा मात्र उल्लेख नसतो.

प्रौढ पुरुष साधारण काळी एक किंवा दोनमध्ये गातात, तर स्त्रिया बहुधा काळी चार किंवा पाचमध्ये. दोघे एकाच बॅचमध्ये बसले आणि पेटी काळी चारवर लागली, तर पुरुषांना तार षड्जासाठी गळा ताणावा लागतो. काळी एकवर लागली, तर स्त्रियांचा मंद्रातला पंचम ऐकूच येत नाही. म्हणून जाणते शिक्षक पट्टीनुसार बॅच करतात.

विनामूल्य तासाला हेच पाहा. शिक्षकांनी तुमचा षड्ज स्वतंत्र लावून घेतला का? प्रत्येकाला एकट्याने गायला लावले का? तासभरात दहा-बारा जण फक्त एकत्र गात असतील, तर कोणाचा स्वर चुकतो हे कळणारच नाही. तासानंतर गळा दुखला, तर पट्टी बदलून मागा. ती बदलत नसेल, तर आगाऊ फी भरू नका.