काशीचा शालू आणि पदराचा खांदा

काशीचा शालू मराठी लग्नघरी आला, त्याला पिढ्या लोटल्या. तो घेताना आपण जर पाहतो, पोत पाहतो. पण पदर कोणत्या खांद्यावर जाणार, हे क्वचितच विचारतो.

काशीतील मराठी स्त्रियांना हा भेद रोज दिसत असे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे वसली. त्यांच्या स्त्रियांचे लुगडे नऊवारी, सकच्छ आणि पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर. शेजारणींचा पदर मात्र पाठीकडून उजव्या खांद्यावर येऊन पुढे उतरे. त्याला तिकडे ‘सीधा पल्ला’ म्हणतात. आपला तो ‘उलटा’!

साडेपाच मीटरांचा गोल नेसायचा शालू घेऊ. पहिल्या वेढ्याला सुमारे एक मीटर लागते. मग निऱ्यांपासून पाठीमागून वळसा घेऊन, छातीवरून डाव्या खांद्यापर्यंत पावणेदोन मीटर. पाठीवर रुळायला एक मीटर. उरले पावणेदोन मीटर. एका निरीस पंचवीस सेंटिमीटर धरले, तर सात निऱ्या होतात. भरगच्च जरीचे कापड मात्र पोटाशी फुगते. तेथे पस्तीस सेंटिमीटरांच्या रुंद पाचच निऱ्या घालाव्यात. सीध्या पदराची वाट थोडी जवळची, कारण कापड पाठीवरूनच खांद्यावर चढते. वाचलेल्या कापडात एखादी निरी वाढवावी, नाहीतर पदर अधिक खाली सोडावा. मला दुसरे बरे वाटते.

कारण शालूचे खरे वैभव पदरात. त्याच्या कोपऱ्यांत जो वेलबुट्टीचा कोयरीसारखा नमुना असतो, त्यास विणकर ‘कोनिया’ म्हणतात. उलट्या पदरात तो पाठीमागे जातो. खांद्यावर चार-पाच चुण्या घालून पदर टाचला, तर त्यांत बराचसा मिटतो. सीध्या पदरात तो छातीपुढे उलगडतो. मात्र डाव्या कमरेशी खोचताना टोकच खोचले, तर कोनिया गडप झालाच! काठ टोकापासून वीतभर वर धरून खोचावा, म्हणजे कोपरा मोकळा लोंबतो.

मोकळा पदर, म्हणजे चुण्या न घालता डाव्या हातावर सोडलेला, सगळी वीण दाखवतो. पण तो हात अडकून राहतो, आणि बांगड्यांची भीती असते. ‘फेकवा’ विणीत बुट्ट्यांमधले धागे मागील बाजूने जातात आणि मागाहून कापतात. राहिलेली टोके बांगडीत गुंततात. ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी निराळी विणलेली असल्याने मागची बाजू स्वच्छ असते. दुकानातच पदर उलटून त्यावर हात फिरवावा. टोके बोटांना खरखरीत लागली, तर मोकळ्या पदरासाठी तो शालू घेऊ नये, चुण्या घालून टाचायचा असल्यास हरकत नाही.